खालच्या केसांतली खाज: ऊ की खरूज, आणि घरात औषध कोणाकोणाला

आमच्या मेडिकलवर दोन तऱ्हेची गिऱ्हाईकं येतात. काही जण सरळ डॉक्टरांची चिठ्ठी पुढे करतात. काही मात्र समोरच्या टपरीजवळ घुटमळत राहतात आणि दुकान रिकामं झालं की आत येऊन काउंटरवर वाकतात, "दादा, खाजेची एखादी ट्यूब द्या ना. रातले झोप येत नही." कुठे खाजतंय, असं विचारलं की नजर खाली जाते. मग मी काय ते समजतो.

तापीकाठच्या तालुक्याच्या गावात हे दुकान चालवून मला सोळा-सतरा वर्षं झाली. जांघेत आणि खालच्या केसांत काहीतरी वळवळल्यासारखी खाज येते, केसांच्या बुडाशी बारीक कण दिसतात, ही तक्रार मी महिन्यातून एकदा तरी ऐकतो. घाम आणि नायटा सोडला तर त्यामागे बहुतेक वेळा दोनपैकी एक जीव असतो: खालच्या केसांतली ऊ किंवा खरजेचा किडा. माणसाला दोन्हीतली खाज सारखीच वाटते. पण ऊ असेल तर औषध नवरा-बायकोपुरतं लागतं आणि खरूज असेल तर घरातल्या सगळ्यांना एकाच रात्री लावावं लागतं. हा निर्णय चुकला की खाज महिनोन्महिने घरात फिरत राहते. म्हणून ट्यूब विकत घेण्याआधी दहा मिनिटं देऊन नीट बघा.

आधी उजेडात बघा

सकाळच्या उजेडात, दार लावून, आरसा आणि एक भिंग घेऊन बसा. भिंग नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळून फोटो काढून मोठा करून बघा. (बघून झाला की फोटो पुसून टाका. फोन घरात चार जणांच्या हातात जातो.)

खालच्या केसांतली ऊ डोक्यातल्या उवेसारखी लांबट नसते. ती चपटी, जवळजवळ गोल, एक ते दोन मिलिमीटरची असते आणि बघितल्यावर बारीक खेकडाच वाटतो. पुढचे दोन पाय किरकोळ, मागच्या चार पायांना जाड नांग्या. या नांग्यांनी ती जाड केस बुडाशी घट्ट धरून बसते आणि फारशी हलत नाही, त्यामुळे पहिल्या नजरेला ती खपली किंवा मातीचा कण वाटते. लोक नखाने खरवडून "मळ आहे" म्हणून सोडून देतात. पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा त्या कणावर दाबा, उचला आणि पांढऱ्या कागदावर चिकटवून भिंगाने बघा. पाय दिसले, वळवळ दिसली, तर प्रश्न मिटला.

केसाला चिकटलेले पांढुरके, लंबगोल कण म्हणजे लिखा, तिची अंडी. कोंड्याचा कण बोटाने केसावरून सहज घसरतो. लीख केसाला डिंकासारखी चिकटलेली असते, ती ओढूनच काढावी लागते. आणखी दोन खुणा आहेत. एक म्हणजे चड्डीच्या आतल्या बाजूला तांबूस-काळपट बारीक ठिपके, जी उवेची विष्ठा असते. दुसरी म्हणजे मांडीवर किंवा बेंबीखाली निळसर-राखाडी डाग, जे ऊ चावल्यामुळे येतात आणि दाबले तरी दुखत नाहीत. ही ऊ फक्त खालच्या केसांतच राहते असंही नाही. मांड्यांवरचे केस, पोट, छाती, काख, दाढी, अगदी पापण्यांपर्यंत ती जाते, म्हणून तिथेही बघा.

आता खरूज. खरजेचा किडा केसांत नसतो, कातडीत असतो आणि अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असल्याने डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे केसाला चिकटलेलं काही सापडलं नाही, पण लिंगावर किंवा वृषणाच्या कातडीवर लालसर, मसुराएवढ्या कडक गाठी आहेत आणि रात्री अंथरुणात शिरताच खाज भडकते, तर लगेच बोटांच्या बेचक्या बघा. मग मनगटाची आतली बाजू, कोपर, काख, बेंबीच्या आजूबाजूचा भाग, कमरेवर करदोड्याची किंवा परकराच्या नाडीची जागा, बायकांमध्ये स्तनाग्रांभोवती. तिथे बारीक पुरळ आणि पाच-दहा मिलिमीटरची वाकडीतिकडी धाग्यासारखी रेघ दिसली तर ते त्या किड्याचं बीळ. शंका असेल तर त्या रेघेवर शाईच्या पेनाची शाई लावा आणि लगेच ओल्या कापडाने पुसा. बीळ असेल तर शाई आत शिरते आणि बारीक निळी रेघ उरते. आमच्या इथले एक म्हातारे डॉक्टर टेबलावर शाईची बाटली त्याचसाठी ठेवत. पण शाईची रेघ उमटली नाही म्हणजे खरूज नाही, असं मात्र धरू नका. बिळं पुष्कळदा खाजवून खाजवून मोडलेली असतात.

आणि सगळ्यात सोपा प्रश्न: घरात अजून कोणाला खाज आहे का? चार जणांच्या घरात दोघं-तिघं रात्री खाजवत असतील तर भिंगाआधीच मी खरूज धरतो.

नायटा वेगळा ओळखू येतो. त्याची कड वर्तुळासारखी वाढते, कडेला लाली आणि खपली, आत मधोमध कातडी थोडी साफ. तो जांघेच्या घडीत आणि मांडीवर पसरतो, बोटांच्या बेचक्यांत सहसा जात नाही. इथे माझीच एक चूक सांगतो, कारण ती अजूनही सगळीकडे होते. दुकानाच्या सुरुवातीच्या काळात जांघेतली खाज म्हटली की आम्ही तिहेरी मलम द्यायचो: बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि सोबत तगडं स्टेरॉइड. दोन दिवसांत खाज थांबायची, माणूस खूश व्हायचा. खरूज असेल तर स्टेरॉइडने लाली आणि पुरळ दबतो, किडा मात्र आरामात वाढतो आणि नंतर डॉक्टरलाही ओळखू येत नाही. अशी मलमं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत असा नियम आहे. तरी मिळतात. मागू नका, आणि आधीच लावत असाल तर डॉक्टरांना सांगा.

ऊ निघाली तर

हा सोपा प्रकार आहे. एक टक्का परमेथ्रिनचं लोशन मिळतं. खालचा भाग साबणाने धुऊन टॉवेलने कोरडा करा. मग केस बुडापासून भिजतील इतकं लोशन लावा. खालचे केस, गुदद्वाराभोवती, मांड्या, पोट आणि जिथे जिथे ऊ किंवा लीख दिसली तिथे तिथे. दहा मिनिटं थांबा, धुऊन टाका, स्वच्छ चड्डी घाला. लिखा बारीक फणीने किंवा नखाने ओढून काढा.

पहिल्या वेळेने चालत्या उवा मरतात, पण काही लिखा वाचतात आणि सहा ते दहा दिवसांत फुटतात. म्हणून नवव्या-दहाव्या दिवशी पुन्हा तेच लोशन, तसंच. दुसरी वेळ बहुतेक लोक विसरतात, कारण तोपर्यंत खाज थांबलेली असते. मी आता बाटलीच्या खोक्यावरच पेनाने तारीख लिहून देतो.

केस काढले तर ऊ जाईल का, असं पुष्कळ जण विचारतात. कमी होईल, पण ब्लेडने कापलं की जखम होते आणि मांडी-पोटावरची ऊ तशीच राहते. केस काढायचे तर काढा, औषध चुकवू नका. पापण्यांत ऊ असेल तर हे लोशन डोळ्यांजवळ अजिबात नेऊ नका. तिथे डॉक्टर डोळ्यांना चालणारं साधं व्हॅसलिनसारखं मलम दिवसातून दोन-चार वेळा, आठ-दहा दिवस लावायला देतात. त्याखाली ऊ गुदमरते.

ही ऊ बहुतेक वेळा शरीरसंबंधातून येते. एकच अंथरूण किंवा टॉवेल वापरून कधीकधी येऊ शकते, पण माणसाचं अंग सोडलं की ती एक-दोन दिवसांत मरते. त्यामुळे गेल्या महिन्याभरात ज्याच्याशी किंवा जिच्याशी संबंध आला, त्या व्यक्तीला त्याच दिवशी औषध. घरातल्या बाकीच्यांना, ऊ दिसली नसेल तर, औषधाची गरज नाही. आईवडील आणि लेकरांना उगाच अंघोळी घालत बसू नका. दोघांचं दोनदा औषध होऊन उवा गेल्या हे दिसेपर्यंत संबंध टाळा. निरोधने ही ऊ थांबत नाही, ती केसातून केसात जाते.

आणि ऊ ज्या वाटेने आली, त्याच वाटेने दुसरंही काही आलेलं असू शकतं. जिल्हा रुग्णालयात आणि अनेक उपजिल्हा रुग्णालयांत "सुरक्षा क्लिनिक" असतं. तिथे गुप्तरोगाची तपासणी मोफत होते. एचआयव्ही आणि गरमीची रक्ततपासणी तिथूनच करून घ्या. जायला संकोच वाटत असेल तर १०९७ या हेल्पलाइनवर आधी बोला.

लहान मुलाच्या पापण्यांत ही ऊ सापडली तर घरात उपाय करत बसू नका, थेट डॉक्टरांकडे न्या. मोठ्यांच्या अंथरुणात झोपून ती आलेली असू शकते, पण कोणी मुलाशी वाईट वागलं आहे का, हेही डॉक्टरांना शांतपणे बघावं लागतं. डोक्यातल्या उवा ही वेगळी गोष्ट, ती शाळेतून येते.

आणखी एक. आपल्याकडे कपाशीची फवारणी घराघरात असते, त्यामुळे उरलेलं औषध हाताशी असतं. ते, रॉकेल किंवा ढेकणाची पावडर खाली लावणारी माणसं मी पाहिली आहेत. वृषणाची कातडी पातळ असते आणि अंगाच्या इतर कातडीपेक्षा कितीतरी जास्त औषध रक्तात ओढून घेते. शेतातलं कीटकनाशक तिथे लावणं म्हणजे विषबाधा ओढवून घेणं. चुकून लावलं असेल आणि मळमळ, लाळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी असं काही वाटलं तर साबणाने धुऊन तडक दवाखाना गाठा, जाताना औषधाची बाटली सोबत न्या.

एक घर: आधी ऊ, मग खरूज

खरजेचं सांगायला मला एक घर आठवतं. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्या आहेत. चोपड्याकडचा तिशीतला माणूस. सुरतेला लूमवर कामाला, एका खोलीत सात जण, दिवसपाळी-रातपाळी आळीपाळीने त्याच गाद्यांवर झोपणारे. दिवाळीला घरी आला आणि वेचणीसाठी घरीच राहिला. घरात बायको, सात वर्षांची मुलगी, नऊ महिन्यांचं बाळ, आई, आणि वडील, ज्यांना सगळे आबा म्हणत.

दिवाळीनंतर दोन आठवड्यांनी तो टपरीजवळून आत आला. त्याला चिकटपट्टीचा प्रयोग सांगितला. दुसऱ्या दिवशी वहीच्या कागदाची पुडी घेऊन आला, पट्टीखाली दोन उवा. डॉक्टरांकडून चिठ्ठी आणली, नवरा-बायकोने एक टक्क्याचं लोशन दोनदा लावलं, नऊ दिवसांच्या अंतराने. उवा गेल्या. त्याने पुन्हा पट्टी लावून बघितली, काही नाही.

पण खाज गेली नाही. महिनाभराने आला तेव्हा बोटांच्या बेचक्यांत पुरळ, खाली दोन-तीन गाठी. बायकोच्या कमरेवर नाडीच्या जागी लाल रेघोट्या, आईच्या मनगटावर पुरळ. बाळाच्या तळहातावर आणि तळपायावर पाणी भरलेले बारीक फोड. मोठ्यांच्या तळव्यांना खरूज सहसा लागत नाही, बाळांना हमखास लागते. डॉक्टरांनी एका नजरेत खरूज सांगितली.

दोन्ही एकदम आणलं होतं, बहुधा सुरतेच्या खोलीतूनच खरूज आणि दुसरीकडून ऊ. (कुठून, हे मी विचारलं नाही आणि बायकोनेही माझ्यासमोर नाही.) उवेला मारणारं लोशन खरजेला का चाललं नाही, हे त्याला समजत नव्हतं, कारण खोक्यावर नाव तेच, परमेथ्रिन. फरक ताकदीचा, वेळेचा आणि जागेचा. उवेला एक टक्का, केसांवर, दहा मिनिटं. खरजेला पाच टक्के, मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत सगळ्या कातडीवर, आठ ते चौदा तास. किडा हाताच्या बेचकीत बसलेला असताना जांघेतले केस धुऊन काय होणार?

पहिल्यांदा खरूज झालेल्याला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर किडे अंगात असतात, दुसऱ्याला देत असतात आणि त्या माणसाला काहीच कळत नाही. म्हणून "मला खाज नाही" हे खरजेत औषध न लावण्याचं कारण होऊ शकत नाही. एका घरात, एका छपराखाली झोपणाऱ्या सगळ्यांना एकाच रात्री लावायचं. शिवाय गेल्या दोन महिन्यांत ज्यांच्याशी संबंध आला त्यांना आणि बाळाला रोज कडेवर घेणाऱ्या शेजारच्या मावशीलाही.

ट्यूब किती आणि रात्र कशी

त्या घराचा हिशेब आम्ही काउंटरवर वहीवर केला. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण ३० ग्रॅम लागतं. सात वर्षांच्या मुलीला त्याच्या निम्मं, १५ ग्रॅम. नऊ महिन्यांच्या बाळाला चार ग्रॅमच्या आसपास. चार मोठे म्हणजे १२०, मुलगी १५, बाळ ४, एका रात्रीचे झाले १३९. सात दिवसांनी पुन्हा लावायचं म्हणजे एकूण २७८ ग्रॅम. साठ ग्रॅमच्या पाच ट्यूब. "पाच?" तो म्हणाला. त्याच्या मनात एक ट्यूब आणि त्यातलं थोडं थोडं सगळ्यांना असं होतं. खरूज न जाण्याचं अर्धं कारण मी तिथेच पाहतो. पैशाची अडचण असेल तर हा हिशेब घेऊन आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारी दवाखान्यात जा, तिथे विचारा.

मी त्यांना शनिवारची रात्र धरायला सांगितली, कारण रविवारी मुलीला शाळा नाही. जेवणं उरकली की अंघोळ करायची असेल तर साध्या पाण्याने, आणि अंग कोरडं व गार झाल्यावर मलम. गरम पाण्याने रगडून लगेच लावण्याची जुनी पद्धत नको. सगळ्यांची नखं बारीक कापायची, कारण खाजवताना किडे नखांखाली जातात. मग मानेपासून खाली सगळीकडे: कानांमागे, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली, काखेत, बेंबीत, स्तनांखाली, जांघेत, लिंग-वृषणावर, नितंबांच्या खाचेत, तळपायांवर. पाठीवर एकमेकांनी लावायचं. पुरळ दिसतो तिथेच लावून भागत नाही. बाळाला चेहरा आणि डोक्याच्या कातडीलाही लावावं लागतं, डोळे आणि तोंडाच्या आजूबाजूची जागा सोडून, आणि हातांवर पायमोजे घालून ठेवायचे म्हणजे ते मलम चोखत नाही. म्हाताऱ्या माणसांनाही डोकं-चेहरा लावायचा का, ते डॉक्टर सांगतील.

बाळ अंगावर पितं, म्हणून आईने दूध पाजण्याआधी स्तनाग्र धुवायचं आणि पाजून झालं की तिथे पुन्हा लावायचं. रात्री हात धुतले, बाळाचं ढुंगण धुवायची वेळ आली, की धुतलेल्या जागी परत मलम. ही गोष्ट लोक हमखास विसरतात, आणि किड्याची सगळ्यात आवडती जागा तर हातच. रात्री नऊला लावलं, सकाळी सातला अंघोळ, दहा तास झाले, पुरेसे.

दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाला परमेथ्रिन स्वतःहून लावू नका. तिथे डॉक्टर गंधकाचं मलम देतात. गरोदर बाईला परमेथ्रिन चालतं, तिने आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या मात्र घेऊ नयेत. या गोळ्या बाकी मोठ्यांना डॉक्टर कधीकधी देतात. हिशेब वजनावर असतो: किलोला २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२ मिलिग्रॅम, जेवणासोबत, आणि सात ते चौदा दिवसांनी तेवढीच पुन्हा. १५ किलोच्या खालच्या मुलांना त्या देत नाहीत.

रविवारी सकाळी अंघोळ झाली की कपड्यांचं. गेल्या तीन दिवसांत वापरलेले कपडे, चादरी, टॉवेल, उशांच्या खोळी कडक गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. खरजेचा किडा अंगावेगळा झाला की दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही. जी गोधडी धुता येत नाही, ती प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशवीत गाठ मारून आठवडाभर बाजूला ठेवा. घराला फवारा मारण्याची, फरशी फिनाइलने धुण्याची गरज नाही. गोठ्यातल्या शेळी-कुत्र्यांनाही औषध नको. त्यांच्या खरजेचा किडा वेगळा, तो माणसात थोडा वेळ खाजवून मरतो.

नंतरची खाज, आणि आबा

औषध लावल्यावर खाज दुसऱ्या दिवशी जात नाही. किडे मेले तरी त्यांची अंडी आणि घाण कातडीत असते, तिच्यावर अंग भडकलेलं असतं. दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. खालच्या गाठी तर महिने राहतात. या काळात रोज मलम लावत बसलात तर कातडी जळते आणि त्याचीच खाज सुरू होते. डॉक्टर खाजेची गोळी किंवा गाठींसाठी वेगळं मलम देतील. पुवाचे फोड आले, ताप आला तर लगेच दाखवा. खरजेच्या पिकलेल्या जखमांतले जंतू कधीकधी मूत्रपिंडाला त्रास देतात. मुलाचा चेहरा सकाळी सुजलेला दिसला किंवा लघवी चहासारखी झाली तर वाट बघू नका.

चार आठवड्यांनंतर नवा पुरळ, नवी बिळं दिसली तर मात्र औषध कुठेतरी चुकलं. त्या घरात तसंच झालं. दोन शनिवार सगळं नीट पार पडलं, तीन आठवड्यांत खाज उतरली आणि पाचव्या आठवड्यात बाळाच्या तळहातावर पुन्हा फोड. बाप माझ्यावरच चिडला, औषध नकली म्हणाला. मी एकेकाचं नाव घेऊन विचारत गेलो: तुम्ही, वहिनी, आई, मुलगी, बाळ. "आणि आबा?"

आबा केळीच्या बागेत राखणीला झोपायचे. दोन्ही शनिवारी ते मळ्यातच होते. घरच्यांनी विचारलं होतं, तर म्हणाले, "मला काही नाही, ही केळीच्या चिकाची खाज." दुपारी जेवायला घरी आले की बाळ त्यांच्या मांडीवर, त्यांच्याच घोंगडीवर झोपायचं. मी म्हटलं, आबांना आणा. ते आले, दुकानाबाहेर बाकड्यावर बसले, आणि मी त्यांचा उजवा हात उजेडात धरला. चिकाने काळ्या पडलेल्या बोटांच्या बेचकीत पांढुरकी, वाकडी रेघ होती, टोकाशी एक ठिपका.

दोनशे अठ्ठ्याहत्तर ग्रॅमचा हिशेब पुन्हा झाला. यावेळी त्याच्या आईने आबांच्या अंगावर मलम लावलं, घोंगडी पिशवीत बांधली आणि राखणीला त्या रात्री मुलगा गेला, अंगभर मलम लावूनच.